परातीतला समुद्र

मंजिया गदामसी पटकथा पहिल्यांदा वाचते तेव्हा हाती पेन्सिल घेत नाही. आमच्या महदिया या बंदरगावाच्या भूशिरावर, जिथे पांढऱ्या कबरी थेट पाण्यापर्यंत उतरत गेल्या आहेत, तिथल्या चहाघरात ती बसते. एक पान वाचावे, डोळे मिटावे आणि मिटल्या पापण्यांआड ते पान सावकाश उलगडू द्यावे, असा तिचा परिपाठ. पुदिन्याचा चहा निवून जातो. त्यात तरंगणारे बदाम ती शेवटी खाते.

व्यवसायाने ती निर्मिती-व्यवस्थापक. कमी पैशांत होणाऱ्या लघुपटांची पटकथा तिच्याकडे येते आणि खर्च किती, साधने कोणती, माणसे किती, हे तिने सांगायचे असते. तिचे वडील रेशीम विणत. माग मांडण्याआधी ते रिकाम्या चौकटीकडे कितीतरी वेळ नुसते पाहत बसत, आणि मग धाग्यांचा अंदाज करीत. मंजियाचे पहिले वाचन हे त्याच कुळातले आहे. अजून जन्माला न आलेल्या वस्तूचे मोल करायचे, तर तिचे दर्शन आधी घडले पाहिजे, अशी तिची निष्ठा.

दुसऱ्या वाचनाला मात्र रंगीत पेन्सिली निघतात. पानाचे आठ भाग पाडायचे आणि प्रत्येक प्रसंग किती भागांचा हे कडेला टिपायचे. पूर्ण पान म्हणजे पडद्यावरचे अदमासे एक मिनिट. प्रसंगाच्या मथळ्यात आत की बाहेर, दिवस की रात्र, आणि स्थळ कोणते, ते लिहिलेले असते. पात्रांना एक रंग, वस्तूंना दुसरा, वाहनांना तिसरा. मग कथेचा क्रम मोडून एका स्थळाचे सारे प्रसंग एकत्र आणायचे, म्हणजे तिथे दोनदा जावे लागत नाही. ‘पाहुणे जमले’ या दोन शब्दांत तिला जेवणाची ताटे दिसतात. ‘संध्याप्रकाश’ हा शब्द लेखकाला फुकटचा वाटतो. पण तो उजेड घटकाभरच टिकतो, म्हणून अशा दोन पानांना तीन संध्याकाळी लागतात, हे तिला ठाऊक.

गेल्या उन्हाळ्यात शिराझ तिच्यासमोर बसली होती. पंचविशीची, पहिलाच लघुपट. पटकथा तिच्याच आईवडिलांची: वडील दिवे लावून रात्री सार्डिन मासे पकडणाऱ्या नावेवर, आई बेया घरच्या खिडकीत. वडील आता नाहीत. सप्टेंबरअखेर घर रिकामे करून बेया थोरल्या लेकीकडे स्फाक्सला जाणार होती. चित्रीकरण त्याच घरात, ती जाण्याआधी, आणि बेयानेच भूमिका करायची. एका संस्थेने अनुदान मंजूर केले होते. पण अंदाजपत्रक त्या रकमेत बसले तरच पैसे मिळणार होते.

“नाही बसत, पोरी,” मंजिया म्हणाली. “सगळं बसतं, एक सातवा प्रसंग सोडून.”

सातव्या प्रसंगाचा मथळा होता: बाहेर, समुद्र, रात्र.

“तोच तर माझा सिनेमा आहे, मावशी!”

“असेल ना. पण बघ: दिव्यांच्या नावा हव्यात, म्हणजे त्या रात्रीची मासळी बुडाल्याची भरपाई आली. कॅमेऱ्याला वेगळी नाव, बचावाला आणखी एक. बंदराची परवानगी, यंत्रांचा विमा, सगळ्यांना रात्रपाळीचे जादा पैसे. त्यात पौर्णिमेच्या आसपास चांदण्यामुळे कोळी दिवे घेऊन जात नाहीत, आणि वारा सुटला की बाकीचे दिवसही गेले.”

“मग ध्वनीवाला काढून टाक. माणसंही कमी कर. जेवण मी घरून आणते.”

“ध्वनीवाला काढू? आणि मग आईचा आवाज काय माझ्या मोबाईलवर घेशील? उपाशी माणसं दुपारनंतर नुसती तोंडं वाकडी करतात, बये. शिवाय तुझ्या हातची कुसकुस म्हणजे दवाखान्याचाही खर्च धरावा लागेल.”

शिराझ हसली नाही. “अडीअडचणीसाठी दहावा हिस्सा ठेवलायस, तो घे.”

“ती अडचण आल्यावर. बोलावून आणलेल्या अडचणीला नाही.”

शिराझने पाने मंजियापुढे सारली. “तर मग अनुदान नाकारते. समुद्राशिवाय हा सिनेमा मला नको.”

ती उठली, पण गेली नाही. कठड्याशी पाठमोरी उभी राहिली. खाली लाटा कबरींच्या पायथ्याशी येऊन मंदपणे परतत होत्या. मंजियाने डोळे मिटले आणि पहिल्या वाचनात दिसलेला सातवा प्रसंग पुन्हा आठवून पाहिला. तिला एक चेहरा दिसला. त्यावरून उजेडाचे कण वाहत होते. समुद्र कुठेच नव्हता.

तिने डोळे उघडून प्रसंग वाचला. बेया खिडकीत येते. दिवे दूर जातात. बेया ओठांत मोजते. शेवटचा दिवा विझतो; बेया खिडकी लावते. मथळ्याखाली समुद्रावरचे एकही वाक्य नव्हते.

“शिराझ, हे दिवे तू कुठून पाहिलेस गं?”

“घरातूनच. मला कोण नेणार नावेवर?”

“म्हणजे खिडकीतून?”

“खिडकी उंच होती.” ती वळली. तिचा आवाज एकाएकी लहान झाला. “मी आईकडे बघायची. दिवे किती लांब गेले ते तिच्या तोंडावरून कळायचं.”

मग शिराझनेच पेन्सिल उचलली, ‘बाहेर, समुद्र’ खोडले आणि लिहिले: आत, खोली, रात्र. दिवे जिथे होते ते तिने मथळ्यात लिहिले होते. कॅमेरा जिथे उभा राहणार ते नव्हे. आणि मंजियाने, इतक्या वर्षांच्या सवयीने, मथळ्यावर विश्वास ठेवून हिशेब मांडला होता.

“माझंही चुकलंच,” ती म्हणाली. “मथळा बघितला आणि सरळ नावा भाड्यानं घेतल्या.”

त्यानंतर अंदाजपत्रक जणू आपल्या आपण लिहिले गेले. साऱ्या नावा गेल्या, विमा गेला. रात्रही गेली; खिडकीवर बाहेरून काळे कापड ताणले की भर दुपारी रात्र मिळते. घरच्या विजेवर चालतील असे तीन छोटे दिवे पुरेत. ध्वनीवाला राहिला, आणि नावा सुटताना धक्क्यावर जाऊन इंजिनांचा दूर जाणारा आवाज टिपण्याचे काम त्याला मिळाले. छायालेखक नौफल म्हणाला, “पाण्याचं मी बघतो. मला फक्त एक परात आणि फुटका आरसा द्या.” संस्थेने अनुदान दिले.

बेयाचा शेजारी म्हणून चित्रीकरणाच्या दुपारी मी तिच्या दारात उभा होतो. बाहेर ऊन रणरणत होते. आत निबिड रात्र. जमिनीवर कुसकुसचा रवा चोळायची मोठी परात, पाण्याने भरलेली, तळाशी आरशाचे तुकडे. वरून एका दिव्याचा झोत. पाणी हलवायला वेगळा माणूस अंदाजपत्रकात नव्हता, म्हणून मंजियाच गुडघे टेकून बसली आणि तिने एक बोट पाण्यात फिरवले.

बेया खिडकीत, काळ्या कापडासमोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून उजेडाचे कण वाहू लागले. ती ओठांत मोजू लागली, आणि मग पटकथेत नसलेले काहीतरी अगदी हळू बोलली.

“वारा पडलाय. आज लवकर येतील ते.”

ध्वनीवाल्याने कानांवरचे यंत्र घट्ट धरले. शिराझला ‘कट’ म्हणवेना. मंजियाने एकेका तुकड्यावर तळहाताची सावली धरली. चेहऱ्यावरचा एकेक दिवा दूर जाऊन विझत गेला. शेवटचा तुकडा मात्र तिने झाकला नाही. बेयाने खिडकी लावेपर्यंत ती तो उजळ ठेवून बसली, बोट पाण्यात, डोळे मिटलेले.