एका पाण्याची दोन नावं

१२ मार्च २०१९. पाण्याच्या सूचनेच्या छपाईचं बिल २,३८७ क्रोनर. नगरपालिकेचा हिशेबनीस म्हणून मी ते मंजूर केलं, आणि बोर्गहिल्ड माझ्यावरच उखडली.

एकतीस वर्षं ती आमची पत्रं तपासते. नॉर्वेतल्या आमच्या गावाचा सारा कारभार नीनोर्स्कमध्ये, म्हणजे नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांपैकी एकात चालतो. पाणी दूषित झाल्यावर साहेबांनी, म्हणजे शेटिलने, घाईत 'पाणी उकळून प्या' ही सूचना तिला न दाखवताच छापली. पाण्याला वर आमचं 'वात्न' होतं, खाली दुसऱ्या रूपातलं, बुकमोलमधलं 'वान'. नकाराला एकदा 'इश्ये', एकदा 'इके'. अर्धा मजकूर त्याने दुसऱ्या गावाच्या सूचनेतून उचलला होता.

"लोकांना कळतं ना? मग काय बिघडलं?" शेटिल म्हणाला.

"काय बिघडलं? फसवे संदेश असेच खिचडी भाषेत येतात!" बोर्गहिल्डने फोन त्याच्यापुढे सरकवला. "सकाळपासून चौदा म्हाताऱ्यांनी विचारलं, हे खरं आहे का. म्हातारी ओड्नी तर न उकळताच पाणी प्यायली, खोटं समजून. ती आजारी पडली तर कोण उत्तर देणार? तू?"

शेटिलचा चेहरा उतरला. "मग तूच लिही."

तिने सगळं नीनोर्स्कमध्ये लिहून काढलं, मोठ्याने वाचलं आणि त्याच्याकडून सही घेतली. तिने आणि मी दुकानांच्या, चर्चच्या दारांवरचे जुने कागद फाडून नवे लावले. ती शेवटपर्यंत रागातच होती.

ओड्नी तीन दिवस पोटदुखीने झोपून होती.

चिकटपट्टी बोर्गहिल्डने स्वतःच्या पैशाने घेतली. तिचे ६४ क्रोनर नगरपालिकेने अजून दिलेले नाहीत.