कोणत्या घाण्यातली मोटर?

आमच्या राजकुंवरभाभींना पंपातलं काही कळत नसे, आणि तसं त्या बिनदिक्कत सांगत. जळगावात त्यांचे यजमान प्रकाशचंदशेठ यांचं विहिरीच्या मोटरपंपांचं दुकान होतं. मी तिथला मुनीम. भाभींचा कारभार मागच्या स्वयंपाकघरात. पण दुकानात कोण कुणावर खेकसतं, ते त्यांना फोडणी देतानाही ऐकू जाई.

त्या चैत्रात मोटरी जळू लागल्या. शेठनी खापर फोडलं मेस्त्री हिलालवर. "बसवतानाच चुकवतो. अखाजीला हिशेब करून मोकळा करा!" खानदेशात गड्याची सालदारकी, म्हणजे वर्षाची बोली, अखाजीला, अक्षय्य तृतीयेला संपते, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती.

हिलाल स्वयंपाकघराच्या दाराशी रडकुंडीला आला. "भाभी, मी बठ्ठं नीट बसाडेल शे. मन्ही चूक काय शे?"

भाभी शेव तळत होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, "मुनीमजी, शेव कडू निघाली तर मी आधी काय विचारते? कोणत्या घाण्याची! तुमच्या मोटरींना घाणा नसतो का?"

असतो की! कारखाना त्याला लॉट म्हणतो, आणि मोटरीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर त्याचा नंबर ठोकतो. गॅरंटीच्या चिठ्ठ्यांवर तो मीच उतरवत होतो. पण चिठ्ठ्या लावायचो गावाप्रमाणे, कारण हिलालची एसटीची फेरी गावाप्रमाणे. म्हणून असोद्याची मोटर जळली की विहिरीच्या रेतीला दोष, एरंडोलची जळली की विजेला. गावागणिक नवं निमित्त! माझा मलाच राग आला.

जेवणं झाल्यावर आम्ही जळलेल्या मोटरींच्या चिठ्ठ्या लॉटप्रमाणे मांडल्या. एका लॉटचा ढीग वाढतच गेला. मी हुरळलो, तर भाभींनी लगाम घातला: "तो लॉट विकलाच जास्त असेल तर?" विक्रीवही काढली. उलटंच निघालं. त्या लॉटच्या जेमतेम वीस मोटरी गेल्या होत्या, त्यातल्या सात दोन महिन्यांत परत. आधीच्या लॉटच्या साठांतून त्याच वयात एकच आली होती, आणि त्या साठही बहुतेक हिलालनेच बसवलेल्या. शिवाय सातांतल्या दोन साक्रीच्या, जिथे भिकन मेस्त्री काम करी. हिलालने त्यांना हातही लावला नव्हता.

शेठनी चिठ्ठ्या पाहिल्या आणि चष्मा पुसत बसले. मग अखाजीसाठी बांधून ठेवलेल्या त्याच लॉटच्या सहा मोटरी थांबवल्या. कंपनीचा माणूस आला, कोरी मोटर उघडली. बेअरिंगची बैठकच सैल! दांडा डुगडुगून आतून घासायचा आणि वाइंडिंग जळायचं. कंपनीने लॉट परत घेतला.

विकलेल्या मोटरी बदलायला हिलाल गेला, तर असोद्याचे तोतारामआबा काठी घेऊनच उभे. "चालू मोटर काढस? याड लागनं का?" मोटर उघडून दाखवली, दांडा हलताना पाहिला, तेव्हा आबांनी काठी ठेवली आणि केळीचा घड दिला.

अखाजीला हिलाल हिशेबाची तयारी करून, नवा सदरा घालून आला. माफी मागणं शेठच्या जिभेला जड. त्यांनी त्याच्या हातात नारळ ठेवला, निरोपाचा नव्हे, पुढचं सालही पक्कं केल्याचा. हिलालचे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला सांगू, माझेही.

आतून भाभींचा आवाज आला, "शेठ, नारळ दिलात, आता पाटही मांडा. आणि खापरावरची पहिली पुरणपोळी त्याला."

शेठनी स्वतः पाट मांडला.