तिरपी कड वर

खडकीच्या कारखान्यात मी पस्तीस वर्षं फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत, पण वायसर बसवण्यात माझा हात कुणी धरू शकत नसे. ही घमेंड मी घरीही आणली.

सुनेनं स्वतःच्या पगारातून कॉफीचं यंत्र घेतलं होतं. सकाळी ऑफिसला निघण्याआधी एक कप ओट्यापाशी उभ्यानं प्यायची. घरात तेवढी एकच गोष्ट तिची स्वतःची होती, हे मला फार उशिरा कळलं.

दोनेक वर्षांनी कॉफीची पूड भरून यंत्राला अडकवायच्या दांड्याच्या कडेनं गरम पाणी गळायला लागलं आणि कपात कॉफी थेंब थेंब पडू लागली. तिनं रबरी वायसर आणि पाणी पसरवणारी जाळी, दोन्ही नवीन मागवलं. रविवारी यंत्र बंद करून, गार होऊ देऊन, मोबाइलवर व्हिडिओ लावून बसली. मी तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला.

"बाबा, मी करते ना. त्यात सगळं दाखवलंय."

"मोबाइल बघून फिटर होता आलं असतं, तर आमच्याकडं भरतीच झाली नसती."

जुना वायसर लाकडासारखा कडक झाला होता. टोचून टोचून तुकड्या-तुकड्यानं काढला. नव्याची एक कड तिरपी होती. आमच्या कामात तिरपी कड खाली, हे हाताला पाठ. तशीच बसवली.

"बाबा, तिरपी कड वर पाहिजे. आणि जाळीसुद्धा बदलायची."

"पोलाद कधी झिजतं का? उगाच टाकू नये." नवीन जाळी मी खिळ्यांच्या डब्यात टाकली.

दांडा पुरता फिरेना. जोर लावला, तर पाणी आधीपेक्षा जास्त गळलं. मी म्हणालो, "यंत्रच भिकार आहे." तिनं फडक्यानं ओटा पुसला आणि चहा ठेवला. मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर तिनं यंत्राला हात लावला नाही. वर्षभरात मुलगा आणि ती, दोघं पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी भागात नव्या फ्लॅटमध्ये गेली. यंत्रामुळं गेली असं मी म्हणत नाही. पण यंत्र इथंच ठेवून गेली.

गेल्या महिन्यात खिळा शोधताना ती जाळी हाताला लागली. यंत्र उघडलं. जुनी जाळी उजेडाला धरली, तर निम्मी भोकं कॉफीच्या काळ्या तेलकट किटणानं बुजलेली. बसायची जागा खरवडून साफ केली. वायसर अजून मऊ होता. तोच उलटवला, तिरपी कड वर, आणि नवी जाळी त्यात दाबून बसवली. दांडा बरोबर मध्यावर येऊन अडला. थेंबभरही गळलं नाही. कपात सरळ, जाड धार.

लगेच फोन लावला. "सूनबाई, तू सांगत होतीस तेच बरोबर होतं. घेऊन येतो मी यंत्र."

ती म्हणाली, "अहो बाबा, आम्ही इथं दुसरं घेतलंय. राहू दे तुमच्याकडंच."

मला कॉफी आवडत नाही. तरी रोज सकाळी एक कप करतो, ओट्यापाशी उभा राहून पितो.