बाबांसाठी ताट निवडताना

बाबांना टायफॉइड झाला तेव्हा मी त्यांना तलमडुगुहून आदिलाबादला आमच्या क्वार्टरमध्ये घेऊन आले. ताप उतरला, पण भूक काही परत येईना. डॉक्टर तेलुगूत बोलले आणि मग माझ्याकडे बघून हिंदीत बोलले, म्हणजे मला नीट समजावं म्हणून: पुढच्या तपासणीपर्यंत वजन वाढलं नाही, तर नागपूरला न्यावं लागेल. नागपूर म्हटलं की बाबा भिंतीकडे तोंड करत. आईला नागपूरला नेलं होतं आणि आई परत आली नव्हती. त्यामुळे त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, यांच्या पोटात अन्न कसं जाईल.

मी तर मुलींच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवायची. टेबल कसं मांडावं, कोणत्या पदार्थाला कोणतं भांडं शोभतं, यावर माझा एक आख्खा पाठ होता. मुलींना सांगायची, माणूस आधी डोळ्यांनी जेवतो. आणि माझ्याच घरात माझे बाबा ताटाकडे बघतसुद्धा नव्हते. राग यायचा. कुणाचा, ते कळत नव्हतं, म्हणून नवऱ्यावर निघायचा.

पथ्याचं जेवण म्हणजे ज्वारीच्या कण्या, मऊ भात, दही, दुधी, फिकं वरण. बहुतेक पांढरं नाहीतर पांढऱ्याच्या जवळचं. स्टीलच्या ताटात कण्या वाढल्या की राखाडीत राखाडी मिसळून जायचं, वर भांड्याची चकाकी डोळ्यांत. बाबा दोन घास घेत आणि म्हणत, “बस झालं मले.” मग मी कॉलेजच्या कपाटातून प्रात्यक्षिकाची भांडी घरी आणू लागले, प्राचार्यबाईंना विचारूनच.

पांढऱ्या बशीत दहीभात वाढला, तो दिसेचना. हिरव्या ताटलीत भात छान उठला, पण पालकाची भाजी काळवंडली, आणि दुधी तर पाहवेना. पिवळ्या वाटीत वरण गडप झालं. गर्द निळ्या ताटलीत भात, वरण दोन्ही खुललं, पण बाबांनी त्यात एक घास घेऊन ताटली सरकवली. मी ताटल्या बदलत होते, वाट्या इकडून तिकडे करत होते, एका जागी बूड टेकत नव्हते. नवरा म्हणाला, “अगं, ते जेवून राह्यले का तू प्रदर्शन लावून राह्यली?” मी म्हटलं, “तुमी गप्प बसा, तुमाले तर पत्रावळीवरबी चालते.” तो हसला आणि पेपर घेऊन बाहेर गेला.

मग एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की मी दुपारी उन्हात ताटं जुळवते आणि बाबा जेवतात ते रात्री, ट्यूबलाइटखाली. त्या गार उजेडात लाल मरगळतं, वरणाची फोडणी मातकट दिसते. वर्गात मी हेच शिकवत होते, आणि घरी विसरले. अगं माय, म्हटलं स्वतःलाच, आणि नवऱ्याला स्टुलावर चढवून टेबलाच्या वर साधा पिवळा बल्ब लावून घेतला.

त्यानंतर सगळं जमत गेलं. भातासाठी गर्द तपकिरी वाटी, म्हणजे शीत न् शीत दिसेल. वरणासाठी पांढरी, म्हणजे पिवळेपणा आणि वरची जिऱ्याची फोडणी दोन्ही कळेल. कण्या विटकरी रंगाच्या वाटीत, वर हिरवी कोथिंबीर. बिटाची कोशिंबीर आणि पालक मात्र खालच्या ताटलीत थेट, आणि ती ताटली पांढरी, रुंद, निळ्या काठाची. काठामुळे सगळ्याला चौकट मिळत होती. वाढायला विटकरी रंगाचं मोठं लांबट भांडं, त्यात आणखी भात. टेबलावर साधं खादीचं गव्हाळ कापड. मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मला स्वतःला भूक लागली, आणि किती दिवसांनी. म्हटलं, आता कसे जेवत नाहीत ते बघतेच.

बाबांना हात धरून आणलं, खुर्चीत बसवलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं. पहिल्यांदा नीट पाहिलं. मी मनात खूश. मग त्यांनी काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे कुठून आणलं?”

“कॉलेजातून. काऊन?”

त्यांनी खुर्ची मागे ढकलली, भिंतीचा आधार घेत अंगणात जाऊन बसले. एक घाससुद्धा नाही. माझा संयम सुटला. मी मागोमाग गेले आणि म्हणाले, “सांगा तरी बाबा, काय वाईट हाय त्यात? जीव तोडून करून राह्यली मी. तुमाले नागपूरला जायचं हाय का?”

बाबा मग म्हणाले, “पाटलाच्या गोठ्यात अशीच ताटली होती. तामचिनीची. पांढरी, निळ्या काठाची.”

बाबांचं लहानपण बाजारहत्नूरकडचं. आजोबा, आजी दुसऱ्यांच्या शेतात राबले, बाबा शिकून मास्तर झाले, एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं. मळणीच्या दिवसांत पाटलाकडे जेवण मिळायचं. गोठ्याच्या भिंतीला कोनाडा होता, त्यात यांच्यासाठी वेगळी ठेवलेली ताटली. ती आपणच काढायची, धरून उभं राहायचं. वाढणारी बाई वरून टाकायची, हात लागू नये म्हणून. जेवून झालं की आपणच धुऊन परत कोनाड्यात.

“जेवण चांगलं राहे,” बाबा म्हणाले. “पिठलं राहे, वर तूपबी. त्या पांढऱ्यावर पिवळं असं दिसे, आजबी दिसते मले. भूकबी लई राहे. पण घास तोंडात फिरे.”

रडूही आलं आणि संतापही आला, त्या पाटलाचा, त्या ताटलीचा, आणि त्या माझ्या चौकटीचा. मला रंगातलं सगळं कळत होतं, आणि त्या रंगातून बाबांना काय दिसत होतं त्याचा पत्ता नव्हता. मी आत गेले, ताटलीतला पालक आणि कोशिंबीर वाट्यांत काढली आणि ती ताटली टेबलावरून उचलून पिशवीत घातली.

बाबा मागून आले. टेबलापाशी उभे राहून म्हणाले, “तू कवा जेवते?”

“तुमचं झाल्यावर.”

“रोज?”

“मग वाढंल कोण?”

“बस,” ते म्हणाले. “माह्यासंगं बस. वेगळं नको वाढू मले.”

मला घाईत दुसरं काही सुचलं नाही. भाताचं ते लांबट विटकरी भांडंच मध्ये ओढलं आणि त्याच भातावर वरण, कण्या, पालक, कोशिंबीर, सगळं पालथं केलं. बिटाचा रंग भाताला लागला, पालक त्या विटकरीत पार विरून गेला, कण्या कुठे संपतात आणि वरण कुठे सुरू होतं ते कळेना. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीनं असं वाढलं असतं तर मी तिला नापास केलं असतं. बाबा त्यांच्या बाजूनं जेवू लागले, मी माझ्या. दोघांचे हात मध्ये लागत होते. ते थांबत नव्हते.

भांड्याची त्यांची बाजू रिकामी झाली तेव्हा ते म्हणाले, “भात हाय अजून?”

पातेल्यात होता. मी हात धुवायला उठू लागले, उष्ट्या हातानं कसं वाढायचं म्हणून. बाबांनी माझं मनगट धरलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “त्याच हातानं वाढ.”