नुसत्या ‘रामराम’ला काय म्हणायचं

नव्या मैत्रिणींनो, मित्रांनो,

सोमवारपासून तुम्ही आपल्या हेल्पलाइनचे फोन घ्यायला बसाल. कुणी रडत बोलेल, कुणी शिव्या देईल. त्याची तयारी आपण केली आहे. पण काही माणसं फक्त ‘हॅलो’ किंवा ‘नमस्कार’ म्हणतात आणि थांबतात. त्यांच्याबद्दल हे पत्र.

मी मुळशीतली, मुठा खोऱ्यात वाढलेली. साठच्या दशकात आमच्याकडे बांधावरून जाणारा माणूस रामराम घालायचा, तेव्हा त्याला उलट रामरामच मिळायचा. ‘काय काम काढलं?’ असं लगेच विचारणं म्हणजे त्याला हाकलणं. काम असलं तर तो टेकायचा आणि सवडीनं बोलायचा. पुढं फोनवर बसले तेव्हा हे मला कुणी वेगळं शिकवायची गरज पडली नाही.

एका दुपारी फोन वाजला. पुरुषाचा आवाज, धाप लागलेला.

“रामराम.”

“रामराम, दादा,” मी म्हणाले. “बोला निवांत. मी ऐकतेय.”

पुढं काही नाही. मागं बैल हंबरत होता आणि कुणीतरी कण्हत होतं. मी नाव विचारलं नाही, गावही नाही. थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, “रामराम.”

“रामराम. मी हितंच हाय.”

“मी भावाला कोयत्यानं हाणलंय.”

शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना मी हात केला. त्यांनी दुसरा फोन उचलला.

“भाऊ कुठं हाय आता?”

“हितंच. बांधावर पडलाय. रगत थांबंना मांडीचं. आई त्याच्यापाशी बसून वराडतीया.”

“श्वास चालतोय त्याचा?”

“चालतोय. शिव्या देतुया मला.”

“मग तो जगणार. आता मी सांगते तसं करा. तुमच्या खांद्यावर टॉवेल असेल तर त्याची घडी घाला, जखमेवर ठेवा आणि दोन्ही हातांनी गच्च दाबा. उचलून बघायचं नाही.”

“तो हात लावू द्यायचा न्हाई.”

“मग आईला दाबायला सांगा. तुम्ही कोयता लांब फेका.”

कोयता दगडावर आपटल्याचा आवाज आला. मग आईचा आक्रोश, भावाची किंकाळी, आणि ‘दाब म्हणत्यात, दाब’ हे त्याचं ओरडणं. मी ठिकाण विचारलं. नेरे गावाच्या अलीकडचा ओढा, त्यापलीकडची विहीर, असं त्यानं सांगितलं. मी ते मोठ्यानं म्हटलं. सहकारी बाई रुग्णवाहिकेला आणि पोलिसांना तेच सांगत होत्या. पोलिसही येतायत हे मी त्याला सांगितलं. लपवलं नाही.

तो म्हणाला, “येऊ द्या. मी तवर ऱ्हात न्हाई.”

“म्हणजे जीव देणार आहात?”

“व्हय. फवारणीचं औषध हाय खोपीत.”

“खोपीकडं जाऊ नका. आईचे हात थकतील. तिला बाजूला करा, आता तुम्ही दाबा. फोन जमिनीवर ठेवा, मी ऐकतेय.”

भाऊ शिव्या देत राहिला, त्यानं याच्या तोंडावर बुक्कीही मारली, ती मला ऐकू आली. पण यानं हात काढला नाही. गाडीचा भोंगा जवळ येईपर्यंत आम्ही तिघं तसेच होतो: ते दोघं रक्तात आणि मी कानाला रिसीव्हर लावून.

भाऊ वाचला. लंगडतो. हा तुरुंगात गेला. जमिनीच्या वाटणीवरून एवढं झालं होतं. दोघं अजून बोलत नाहीत.

सुटल्यावर तो एकदा आमच्या कार्यालयात आला. ही हकीकत शिकवताना सांगू का, असं मी विचारलं. तो हो म्हणाला, नाव तेवढं नको.

“आधी दुसरीकडं लावला हुता फोन,” तो म्हणाला. “तिथली बाई घडाघडा बोलली. नाव सांगा, तालुका सांगा, समस्या सांगा. मला काय सांगावं कळंना. ठेवून दिला. तुमी नुसतं रामराम म्हणला.”

म्हणून सांगते. ज्या शब्दानं माणूस सुरुवात करेल, त्याच शब्दानं त्याला उत्तर द्या. मग एक छोटं वाक्य, ‘बोला, मी ऐकतेय’ एवढंच, आणि थांबा. आपण काय काय मदत करतो याची यादी वाचू नका. काय झालं असेल याचा अंदाज बोलून दाखवू नका. फार वेळ शांतता राहिली तर आपण आहोत एवढं पुन्हा कळवा.

आणि घाबरूही नका. बहुतेक नुसते नमस्कार अगदी साधे असतात. कुणाचा नंबर चुकलेला असतो, कुणी फोन खरंच लागतो का ते बघत असतं. त्यांनाही हेच उत्तर पुरतं. ते ‘बरं’ म्हणून ठेवून देतात, आणि त्यात आपलं काहीच बिघडत नाही.

तुमची,
प्रशिक्षणाच्या खोलीतली ताई