शून्य न मानणारी

एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरला क्वांटमच्या अंतर्गत परीक्षेत मी दोन मार्कांनी नापास झाले. नापास म्हणजे मुख्य परीक्षेला बसता येणार नाही आणि वर्ष बुडणार. रोज उमरेडहून एसटीनं नागपूरला येऊन केलेला अभ्यास मातीत जाणार होता. पेपर हातात आला, तेव्हा पाच मार्कांच्या एका प्रश्नावर सरांनी लाल पेनानं भोपळा दिलेला. माझं तर डोकंच फिरलं.

प्रश्न साधा होता. इलेक्ट्रॉनचा स्पिन झेड दिशेत 'वर' तयार केलाय. आता एक्स दिशेत मोजला तर कोणकोणती उत्तरं मिळू शकतात? एक्सची मॅट्रिक्स दिलेली: वरच्या ओळीत शून्य, एक, खालच्या ओळीत एक, शून्य, बाहेर एच-बार हा स्थिरांक भागिले दोन. मी तिच्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजे मोजल्यावर मिळू शकणाऱ्या किमती, काढल्या, अधिक एच-बार भागिले दोन आणि उणे एच-बार भागिले दोन, आणि लिहिलं, दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी.

सरांच्या नमुना उत्तरात होतं शून्य.

मी थेट स्टाफरूममध्ये गेले. सर डबा खात होते.

"अवस्था मॅट्रिक्सच्या दोन्ही बाजूंनी लावली की शून्य येते," सर म्हणाले. "काहून वाद घालून राहिली तू?"

"सर, ती तर सरासरी आहे. हजारदा मोजलं तर सरासरी शून्याच्या आसपास येईल. पण एका वेळी मोजलं तर मशीन शून्य कधीच दाखवणार नाही. शून्य तिची आयगेनव्हॅल्यूच नाही."

"बरं, तुले दोन मार्क ग्रेस देतो. पास होशील. आता जेवू दे मले."

खरं सांगते, क्षणभर मोह झाला. मग त्याहून जास्त राग आला. बरोबर उत्तरासाठी भीक घ्यायची?

"ग्रेस नको सर. मले माझे पाच मार्क पाहिजे."

मी स्टाफरूमच्या भिंतीवरच्या फळ्याकडे गेले. लॅम्डाचा वर्ग वजा एच-बार भागिले दोनचा वर्ग, बरोबर शून्य. दोन मुळं लिहिली. "यात लॅम्डाच्या जागी शून्य ठेवून दाखवा," म्हटलं.

सरांनी डबा बाजूला सारला, फळ्यावरची दोन्ही मुळं समीकरणात घालून पाहिली. मग माझा पेपर ओढून लाल भोपळा खोडला आणि पाच लिहिले. "चुकलं माझं," ते पुटपुटले. "जा आता."

मी पास झाले होते. पण वर्गाला दाखवून परत घेतलेल्या बाकीच्या पेपरांचा गठ्ठा टेबलावर तसाच पडला होता, आणि माझ्यासारखंच उत्तर लिहिलेल्या आणखी कुणाकुणाला भोपळा मिळाला असेल, हे मला दिसत होतं.

"सर, बाकीचे पेपर?"

"ज्याले पाहिजे तो येईल विचारायले."

सगळ्यांनाच असं भांडता येतं का? मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"तुम्ही तपासा सर. मी थांबते."