सभासद क्रमांक शून्य

बाइंडरला एकाच दिवशी वाचनालयाची दोन पाकिटं आली. पहिल्यातलं पत्र सांगत होतं की वर्षातला उत्तम वाचक म्हणून त्याचा जाहीर सत्कार ठरला आहे. दुसऱ्यातलं सांगत होतं की मुदत उलटूनही पुस्तकं परत न केल्याबद्दल त्याला दंड लागला आहे, आणि तो भरेपर्यंत त्याचं बांधणीचं बिल अडवून ठेवलं आहे. दोन्हींखाली सही चिटणिसांचीच. शिक्काही दोन्हींवर सारखाच तिरका.

बाइंडरनं दोन्ही पत्रं उभ्याउभ्या दोनदा वाचली. इतकं सलग वाचन त्याच्या हातून बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

हयात पुस्तकांत गेली होती, हे खरं. घराच्या मागच्या खोलीत त्याचं दुकान. एका भिंतीला पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, दुसरीला पुठ्ठे कापायचं टेबल, कोपऱ्यात स्टोव्हवर खळ. पुस्तक हाती आलं की तो आधी पाठ बघे, मग शिलाई, मग कागद किती ठिसूळ झालाय ते. नाव बघायचं कारणच पडत नसे. कामाला पक्का होता. त्यानं शिवलेलं पुस्तक फाडायला ताकद लागे. पण दुकानदारांची बिलबुकं आली, की वाचनालयाचा गठ्ठा टेबलाखाली सरकायचा. बिलबुकांचे पैसे हातावर मिळत. वाचनालयाचे वर्षाअखेरीस. रोख कामाला त्याचे हात दुप्पट चालत, आणि त्याची त्याला लाजही वाटत नसे.

तर असा हा उत्तम वाचक.

बायको धुणं वाळत घालून आत आली. तिनं दुसरं पत्र आधी वाचलं.

"बिल अडवलंय?"

"हो. पण हे बघ ना. सत्कार आहे."

"सत्काराचं काय मिळतं?"

"प्रशस्तिपत्र."

"आणि बिलाचं?"

बिलाचं काय करायचं ते तिनं कधीच ठरवून ठेवलं होतं. स्वयंपाकघराचा ओटा एका बाजूनं खचला होता आणि गवंड्याला तिनं शब्द दिला होता.

"अहो, तुम्ही वाचलंत कधी एवढं?"

"एक्केचाळीस पुस्तकं आहेत माझ्या नावावर. लिहिलंय की इथं."

"मग मला त्यातल्या एकाचं नाव सांगा."

त्यानं टेबलाखाली वाकून बघितलं, तेव्हा कुठे सांगता आलं.

दुपारी तो वाचनालयात गेला. काउंटरवर देवघेवबाई होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने घरी बसून त्या नुकत्याच कामावर आल्या होत्या. त्याला बघताच त्यांनी नोंदवही उघडून त्याच्याकडे फिरवली.

"बघा, माझ्या मागे काय उद्योग झालाय."

प्रकार असा होता. शेल्फवरनं पुस्तक हललं की नोंदवहीत ते कुणाच्या तरी नावावर पडलंच पाहिजे, हा देवघेवबाईंचा नियम. म्हणून बांधणीला जाणाऱ्या पुस्तकांसाठी त्यांनी फार पूर्वी एक कार्ड काढलं होतं. सभासद क्रमांक शून्य, नाव बाइंडरचं. सभासदाला पंधरा दिवसांची मुदत असते. बांधणीला ती नाही, म्हणून या ओळींत परतीच्या तारखेचा रकाना त्या कोरा ठेवत. पुस्तक शिवून परत आलं की परत आल्याची तारीख टाकत, ओळ बंद. इतक्या वर्षांत कुणाचं काही अडलं नव्हतं.

त्या रजेवर गेल्या आणि नवे चिटणीस नोंदवही घेऊन बसले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. कोरा रकाना दिसला की त्यांच्या अंगावर काटा येई. त्यांनी प्रत्येक कोऱ्या जागी, दिल्याच्या तारखेत पंधरा दिवस मिळवून, परतीची तारीख भरून टाकली. अक्षर सुरेख होतं. मग तीन तक्ते केले. पहिला दंडाचा: परतीच्या तारखेपासून आजवरचे दिवस गुणिले रोजचा दर, पुस्तक कितीही उशिरा आलं तरी किमतीपेक्षा जास्त नाही. दुसरा, आज कुणाकडे किती पुस्तकं आहेत त्याचा: परत आल्याची तारीख नसलेल्या ओळी मोजायच्या, ज्याच्या सगळ्यांत जास्त तो उत्तम वाचक. तिसरा, कोणत्या पुस्तकाला किती सभासदांनी मागणीचिठ्ठी दिली आहे त्याचा.

तिन्ही तक्त्यांत बाइंडर पहिला आला. तिसऱ्यातही. सगळ्यांत जास्त मागणीची पहिली आठही पुस्तकं त्याच्याचकडे होती. ज्याला मागणी जास्त ते फाटतं लवकर, आणि फाटलं की जातं टेबलाखाली.

"तुम्ही सांगितलं नाही का त्यांना?"

"सांगितलं हो! म्हणाले, तोंडी चालणार नाही. सभासदानं लेखी द्यावं." त्यांनी कोरा कागद पुढे केला. "एक ओळ लिहा. हे कार्ड वाचनाचं नाही, बांधणीचं आहे. दंड रद्द, बिल पास."

"आणि सत्कार?"

"तो कसा राहील? पुस्तकं तुम्ही वाचायला नेलीच नव्हती म्हटल्यावर."

बाइंडरनं कागदाची घडी करून खिशात घातली. "उद्या देतो," म्हणाला.

उद्याचा परवा झाला. त्याचं कारण होतं मास्तर, बायकोचा थोरला भाऊ. शाळामास्तर, बोलण्यात पटाईत, वाचनालयाचा आजीव सभासद. घरी आला की भाच्यांसमोर हटकून म्हणायचा, "दाजी म्हणजे मिठाईच्या दुकानातला उपाशी माणूस." सगळे हसायचे. बाइंडरही हसायचा. बावीस वर्षं हसत होता. मास्तर समोर बसलेला आहे आणि आपल्याला प्रशस्तिपत्र मिळतंय, हे चित्र त्याला इतकं गोड वाटलं की त्यापुढे ओटा खचलेला चालण्यासारखा होता. निदान त्याला तरी.

तेवढ्यात दुकानाच्या दारात शिंपी उभा राहिला. वाचनालयात तक्ता लागल्यापासून लोकांना पत्ता कळला होता.

"ती खुनाची गोष्ट तुमच्याकडे आहे म्हणे. चार महिने चिठ्ठी देऊन बसलोय मी."

"आहे."

"बांधून झाली?"

शिवायची सुईसुद्धा लागली नव्हती. बाइंडर म्हणाला, "वाचतोय."

"आणि बाकीची सात?"

"तीपण."

"आठ एकदम?" शिंप्याच्या चेहऱ्यावर आदर पसरला. "कमाल आहे. बरं, खुनी कोण ते सांगू नका हं. फक्त एवढं सांगा, आधीच्या भागातला तो घड्याळजी मला आवडतो, तो तर नाही ना?"

बाइंडरनं मान हलवली; हो की नाही, ते शिंप्यानं आपल्या मनानं ठरवलं आणि खूश होऊन गेला.

संध्याकाळी खुद्द मास्तर आला. त्यानं हात हातात घेतला, जोरजोरात हलवला.

"दाजी, मानलं! मी तर स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. मग, कोणत्या पुस्तकावर बोलताय?"

"बोलायचं कशाला?"

"प्रथाच आहे. उत्तम वाचकानं आवडत्या पुस्तकावर दहा मिनिटं बोलायचं. मी पहिल्या रांगेत बसतो, अडलात तर शब्द सुचवीन."

मास्तर गेला तसा बाइंडरनं टेबलाखालनं शिंप्याची खुनाची गोष्ट काढली. स्टूल ओढलं, चष्मा पुसला आणि वाचायला लागला. तिसऱ्या पानावर त्याला दिसलं की मागच्या बाइंडिंगचा दोरा कच्चा आहे. पाचव्या पानावर पानांची जुडी वाकडी शिवलेली. सातव्यावर त्याच्यानं राहवेना. त्यानं सुरी घेतली, पाठ मोकळी केली, जुनी खळ खरवडली. जेवायला हाक आली तेव्हा पुस्तक शिवून शिकंज्यात होतं, आणि त्यात कुणाचा खून झाला हेही त्याला ठाऊक नव्हतं.

जेवताना बायकोला म्हणाला, "दहा मिनिटं बोलायचं असतं म्हणे."

"तुम्ही? लग्नाची मागणीसुद्धा तुमच्या काकांनी घातली."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती एक ओळ लिहून दिली. चिटणिसांनी अर्जाला आवक क्रमांक दिला, तक्त्यांतल्या शून्य क्रमांकावर सरळ रेघ मारली, तिन्ही तक्ते नव्यानं केले. बिल पास झालं. गवंडी दुपारीच ओटा बघून गेला. दंड वगळला याचं पत्र आलं, सत्कार वगळला याचंही. शिक्के तिरकेच.

पण सत्कार जाहीर झालेला होता आणि सभागृह सांगून ठेवलं होतं. चिटणिसांनी दुसऱ्या तक्त्यात बोट एक ओळ खाली सरकवलं. साध्या सभासदाला दोन पुस्तकं मिळत, आजीव सभासदाला पाच. पाचही पुस्तकं घरी असणारा आजीव सभासद एकच निघाला. मास्तर. पाचही दीड वर्षापासून त्याच्याचकडे होती.

त्या संध्याकाळी मास्तर दोन पाकिटं घेऊन दुकानात आला. या वेळी हात हलवला नाही. स्टुलावर बसला.

"दाजी, तुमच्या ओळखीनं काही होईल का? ही पाच बांधणीला आली असं दाखवा ना मागच्या तारखेनं. दंड तरी सुटेल."

"दाखवलं असतं. पण मग ती तुमच्या नावावर राहात नाहीत. सत्कार जातो."

"आज परत केली तर?"

"आजपर्यंतचा दंड कायम होतो. आणि सत्कार जातो."

"आणि नाही केली तर दंड वाढत राहतो!"

"नाही वाढत." बाइंडर पुठ्ठा कापता कापता म्हणाला. या बाबतीत गेले काही दिवस त्याचा अभ्यास चांगला झाला होता. "दीड वर्ष झालं ना? मग किमतीला भिडला असेल कधीच. आता कितीही ठेवा."

मास्तरच्या जिवात जीव आला. "म्हणजे सत्कार घेऊन मग परत केली तर नुकसान नाही."

"काडीचं नाही."

"हे तुम्ही म्हणून सांगितलंत." मास्तर उठला. दारात थांबून म्हणाला, "दाजी, तुमच्या हातचा चान्स गेला याचं वाईट वाटतं हो."

वाईट बाइंडरलाही वाटलं. आपल्याच हातानं एक ओळ लिहून आपण हा मान कुणाला दिला, हा विचार त्याला दोन दिवस शिकंज्यातल्या पुस्तकासारखा दाबत राहिला. बायको ओट्याला पाणी मारत होती, तिचं बरं चाललं होतं.

सत्काराला तो गेला. मधल्या रांगेत बसला. मास्तर त्या पाचांतल्या एका पुस्तकावर दहा मिनिटांऐवजी पाऊण तास बोलला. काय बोलला ते खरं की खोटं, सांगायला कुणी नव्हतं. त्या पुस्तकाची वाचनालयातली एकुलती एक प्रत दीड वर्ष त्याच्याच घरी होती. लोकांनी भरपूर टाळ्या वाजवल्या. शेवटी मागणीचिठ्ठ्यांसाठी रांग लागली. चिटणिसांना तिसरा तक्ता पुन्हा करावा लागणार, हे तिथेच ठरलं. बाइंडरनंही टाळ्या वाजवल्या. त्याचे हात जाड, आवाज मोठा आला.

पुढच्या आठवड्यात त्यानं एक्केचाळीसही पुस्तकं शिवून काउंटरवर आणून ठेवली. शिंपी आधीच येऊन उभा होता. देवघेवबाईंनी एकेका ओळीत परत आल्याची तारीख टाकली आणि खुनाची गोष्ट शिंप्याच्या नावावर केली. मग काउंटरखालनं फाटक्या पुस्तकांचा नवा गठ्ठा वर काढला. सगळ्यात वर मास्तरची पाच होती. एकाच्या पाठीला चहाचा गोल डाग.

"घेऊन जा. तेवीस आहेत."

बाइंडर गठ्ठ्याला दोरी बांधू लागला. बाई लिहीत होत्या. तो सहज वाकून बघायला गेला आणि थांबला.

"हे काय? इथं तारीख कशाला?"

"चिटणिसांनी सांगितलंय. बांधणीलाही मुदत. तीस दिवस."

"आणि उशीर झाला तर दंड?"

"दंड नाही. उशीर झालेल्या पुस्तकांची यादी दारावर लागणार, आणि खाली तुमच्या दुकानाचा पत्ता."

बाइंडरनं शिंप्याकडे पाहिलं. शिंपी दाराशी उभ्याउभ्याच पहिलं पान वाचत होता, बाहेर जायचंही विसरला होता. बाइंडरनं दोरीची गाठ आवळली, गठ्ठा खांद्यावर घेतला आणि त्याला बाजूला सरकायला सांगून घरी निघाला. दुकानात दोन दुकानदारांची बिलबुकं येऊन पडली होती. ती त्यानं टेबलाखाली सरकवली.